साबणाच्या पाण्याने गॅस हीटरची तपासणी: कुठला बुडबुडा काय सांगतो

श्रीनगर, शिमला, मनाली या बाजूला थंडीत घरोघरी गॅसवर चालणारे हीटर दिसतात. समोर लाल होणाऱ्या चिनीमातीच्या तीन पट्ट्या, मागच्या कप्प्यात किंवा शेजारी उभा सिलिंडर, आणि दोघांना जोडणारी दीड मीटरच्या आतली नळी. महाराष्ट्रात असे हीटर कमी असले तरी नोकरीनिमित्त किंवा लष्करात तिकडे राहणारी मराठी कुटुंबं ते वापरतात. आपल्याकडच्या गॅस गीझरलाही बहुधा हाच रेग्युलेटर आणि हीच नळी असते, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

हीटरची अडचण अशी, की तो वर्षातले सहा-आठ महिने बंद असतो. शेगडी रोज वापरात असते, काही बिघडलं तर वास लगेच जाणवतो. हीटर माळ्यावर किंवा पलंगाखाली जातो, नळी दुमडलेली राहते, उंदीर कुरतडतात, रेग्युलेटरच्या बारीक भोकात कोळी घर करतात. मग थंडी पडली, की तो खाली काढून त्याच दिवशी पेटवला जातो. साबणाच्या पाण्याची तपासणी त्याआधी करायची. ती करतात बरेच जण, पण अर्धवट करतात, कारण एक साधी गोष्ट ध्यानात घेतलेली नसते: ज्या जोडात त्या क्षणी गॅसचा दाब आहे, त्याच जोडाबद्दल साबणाचं पाणी काही सांगू शकतं. रेग्युलेटर बंद ठेवून नळीवर बादलीभर फेस चोळला तरी एकही बुडबुडा येणार नाही, मग नळी कितीही फाटकी असो.

दाब कुठे किती असतो

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्यावरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ दाबाखाली असते. हा दाब हवामानानुसार बदलतो. उन्हाळ्यात तो दर चौरस सेंटिमीटरला कित्येक किलो असतो, कडाक्याच्या थंडीत बराच उतरतो. रेग्युलेटर तो दाब पाडून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅमवर आणतो. म्हणजे नळीत जो दाब असतो त्याच्या शंभरपटीहून जास्त दाब रेग्युलेटरच्या आधी असू शकतो.

यावरून जोडांची विभागणी आपोआप होते. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये रेग्युलेटरचं टोक जिथे शिरतं, तिथे सिलिंडरचा पूर्ण दाब असतो आणि तो अडवायला एक छोटी रबरी ओ-रिंग असते. बरेच जण तिला वायसर म्हणतात. रेग्युलेटरचं नोझल आणि नळी, सबंध नळी, नळी आणि हीटरचं नोझल, इथे फक्त कमी दाब असतो. हीटरच्या खटक्यापलीकडे, म्हणजे बर्नरकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत, खटका बंद असताना दाबच नसतो.

यातला सर्वांत धोक्याचा जोड म्हणजे ओ-रिंगचा, आणि तोच सतत बदलत राहतो. नळी तुमची, हीटर तुमचा, रेग्युलेटर वर्षानुवर्षं तोच. पण ओ-रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये बसवलेली असते. दर वेळी भरलेला सिलिंडर आला, की त्याच्यासोबत दुसरीच ओ-रिंग येते. तिच्यात आधी किती रेग्युलेटर खुपसले गेले, ती कुठे चिरली, की मुळात जागेवर आहे की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून पूर्ण तपासणी हंगामाच्या सुरुवातीला, आणि एवढ्या एका जोडाची तपासणी प्रत्येक सिलिंडर बदलताना. तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला तो जायच्या आत झाकण काढून व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग तपासून दाखवायला सांगावं. तसं सांगण्यात संकोच बाळगण्याचं काही कारण नाही.

आधी डोळे आणि बोटं

साबण काढण्याआधी नळी हातात घ्यायची. त्यासाठी रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून ठेवलेला असावा आणि व्हॉल्व्हवर दोरीचं प्लॅस्टिकचं झाकण घट्ट बसवलेलं असावं.

आधी नळीवरचा छापील मजकूर वाचा. घरगुती गॅससाठी मिळणाऱ्या नारिंगी ‘सुरक्षा’ नळीत पोलादी तारेचं जाळं असतं. तिच्यावर आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. तिची मुदत पाच वर्षं धरतात. छापलेलं पुसून गेलं असेल आणि घेतल्याची पावतीही नसेल, तर नळीचं वय कळायला दुसरा मार्ग नाही, ती बदलून टाकावी. पाच वर्षं झालेली नळी वरून चांगली दिसली तरी बदलायचीच, कारण रबर आतून आधी म्हातारं होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

नळीची दोन्ही टोकं बारकाईने पाहा. नोझलवर चढवलेला भाग आणि त्यापुढचं चार-पाच सेंटिमीटर, एवढ्यातच बहुतेक भेगा सुरू होतात. नळीचं वजन आणि वाक तिथेच येतो. नळी हलकेच बाकदार करा आणि बाहेरच्या वळणावर उजेडात नजर टाका. सरळ नळीत मिटलेल्या राहणाऱ्या भेगा बाक दिला की उघडतात. बोटांना नळी चिकट लागली तर तिला तेल किंवा उष्णता लागलेली असते. ती कडक, चकचकीत आणि वाकवताना कुरकुरणारी झाली असेल तर रबर सुकलेलं असतं. एखाद्या जागी फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय असं समजायचं. बारीक समांतर खरचटे आणि कुरतडल्याच्या खुणा उंदराच्या. गंजाचा तपकिरी डाग म्हणजे वरचं आवरण भेदून ओल तारेपर्यंत पोचली. यातलं काहीही दिसलं तर साबणाची चाचणी करायची गरजच उरत नाही. चाचणीत नळी पास झाली तरी ती वापरायची नाही, कारण साबण आजची गळती दाखवतो, पुढच्या आठवड्यातली नाही.

नळी जाते कुठून, हेही हीटरच्या बाबतीत फार महत्त्वाचं. मागच्या कप्प्यातल्या पत्र्याला, म्हणजे तापणाऱ्या पट्ट्यांच्या पाठीला, नळी टेकलेली असेल तर तिथे ती वर्षभरात भाजते. तिला ताण नको, पीळ नको, सिलिंडरखाली चेपलेली नको. चाकांवरचा हीटर ओढताना ती पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर तिथे खाच पडलेली सापडेल.

नळी नोझलवर खरोखर घट्ट आहे का, हे हाताने ओढून पाहा. नवी नळी चढवायला जोर लागतो. जुनी सहज फिरत असेल तर तिचं टोक कायमचं ताणलं गेलंय. अशा वेळी क्लिप आवळून काम भागवायचा मोह होतो, पण जास्त आवळलेली क्लिप नळी कापते आणि गळती तिच्याच कडेला सुरू होते. हीटरच्या माहितीपत्रकात क्लिप सांगितली असेल तर ती नोझलच्या कंगोऱ्यांवर नीट बसवून बेताने आवळायची. टेप, दोरा, एम-सील यांचं इथे काम नाही. नळीचं भोक आणि नोझलची जाडी जुळत नसेल तर जुळणारी नळी आणायची, असलेलीच ताणून चढवायची नाही.

रेग्युलेटर उलटा करून त्याचं खालचं टोक पाहा. ते ओ-रिंगमध्ये शिरतं, म्हणून त्याच्यावर ओरखडा, गंज किंवा चिकटलेला कचरा नको. खालचं कडं वर ओढून सोडा, ते अडकता कामा नये. प्लॅस्टिकला तडा गेला असेल किंवा रेग्युलेटर कधी उंचावरून पडला असेल तर तो बाजूला ठेवा. वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून आतल्या रबरी पडद्यामागची हवा आत-बाहेर होते. ते धुळीने किंवा किड्याच्या मातीने बुजलं तर पडदा मोकळा हलत नाही आणि दाब नीट राखला जात नाही. वरवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. आत सुई किंवा टाचणी मात्र घालू नका, लगेच पलीकडे तोच पडदा असतो.

साबणाचं पाणी कसं करायचं

एक वाटी, म्हणजे साधारण १५० मिलिलिटर पाणी. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन छोटे चमचे. हळू ढवळायचं, फेटायचं नाही. आधीच फेसाळलेलं पाणी लावलं तर गळतीचे बुडबुडे कुठले आणि आपलेच कुठले हे कळत नाही. फेस आलाच तर पाच-दहा मिनिटं वाटी तशीच राहू द्यावी.

अंगाच्या साबणाची वडी चोळून केलेलं पाणी बोअरच्या जड पाण्यात फाटतं, त्याचा चोथा होतो आणि बुडबुडा धरत नाही. लिक्विड नसेल तर शाम्पू चालतो. पाणी जमलं का, हे पाहायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करून त्यात बुडवा. कड्यात पापुद्रा दोन-तीन सेकंद टिकला, की पाणी कामाचं.

काच किंवा फरशी पुसायचं अमोनिया असलेलं द्रावण इथे वापरू नये. व्हॉल्व्ह आणि नोझल पितळेचे असतात, आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. ब्लीच असलेला क्लीनरही नको, तो धातू खातो.

लावायला अर्धा इंची मऊ ब्रश सर्वांत बरा. स्प्रेने पाणी भलतीकडेच जातं, रेग्युलेटरच्या भोकातही शिरतं.

तपासणीचा क्रम

हीटर पूर्ण थंड असावा. खोलीच्या खिडक्या आणि दार उघडं ठेवा. शेजारच्या स्वयंपाकघरातली शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळं विझवा. उजेडासाठी टॉर्च लागणार असेल तर तो बाहेरूनच लावून आणा. गळती शोधायला काडी पेटवून पाहण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. तिच्यात गळती सापडते ती आग लागूनच.

सिलिंडर उभा ठेवा. हीटरचा खटका ‘ऑफ’वर असल्याची खात्री करा. झाकण काढा, व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावून ओ-रिंग आहे, सरळ बसली आहे आणि कुठे चिरलेली नाही हे पाहा. रेग्युलेटरचं खालचं कडं वर धरून तो व्हॉल्व्हवर ठेवा, दाबा, कडं सोडा. ‘टक’ असा आवाज येतो. मग वर ओढून पाहा, तो निघता कामा नये. रेग्युलेटरचा खटका अजून ‘ऑफ’वरच ठेवायचा.

पहिला टप्पा इथेच. खटका बंद असताना रेग्युलेटर व्हॉल्व्हची पिन दाबत नाही, म्हणून गॅस व्हॉल्व्हमध्येच अडलेला असतो. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीत ब्रशने साबणाचं पाणी सोडा आणि मिनिटभर थांबा. इथे बुडबुडे आले तर दोष सिलिंडरच्या पिनेचा आहे, तुमच्या रेग्युलेटरचा किंवा नळीचा नाही.

काही आलं नाही तर खटका ‘ऑन’ करा. आता पिन दबली, दाब ओ-रिंगपर्यंत आला, रेग्युलेटरमधून पुढे नळीत गेला आणि हीटरच्या बंद खटक्यापाशी थांबला. साबण याच अवस्थेत बोलका होतो. आधी पुन्हा तीच व्हॉल्व्हची फट. मग रेग्युलेटरचं नोझल आणि नळी जिथे भेटतात तो जोड, सगळ्या बाजूंनी. मग हीटरच्या पाठीमागचं नोझल. शेवटी ओल्या बोटांनी सबंध नळी, विशेषतः वळणं.

प्रत्येक जोडाला पूर्ण मिनिट द्यावं. पाणी लावलं, दोन सेकंद पाहिलं आणि पुढे गेलं, यात मोठी गळती सापडते, बारीक हमखास निसटते. बारीक गळतीत ठसठशीत बुडबुडा येतच नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान बुडबुड्यांचा पांढरा पुंजका एकाच जागी हळूहळू जमतो. ब्रशमुळे आलेले बुडबुडे विखुरलेले असतात, ते वाढत नाहीत, फुटून जातात. शंका आली तर फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. त्याच जागी पुन्हा आले, तर ती गळतीच. जोडाची मागची बाजू आरशात पाहा. खालची बाजू दोनदा ओली करा, तिथून पाणी लवकर ओघळून जातं.

तारेच्या नळीत आणखी एक गंमत नसलेली गुंतागुंत आहे. आतल्या थरातून सुटलेला गॅस तारेच्या कडेने सरकत जाऊन भलत्याच ठिकाणी, कित्येकदा नळीच्या टोकाशी, बाहेर येतो. म्हणून टोकाशी बुडबुडे दिसल्यावर नळी थोडी कापून पुन्हा चढवली आणि तरीही बुडबुडे राहिले, तर संशय पूर्ण नळीवर घ्यावा.

रेग्युलेटरच्या त्या बारीक भोकावर साबण ओतू नका. बोटाच्या टोकाने फक्त एक पापुद्रा त्याच्यावर ओढा. खटका ‘ऑन’ करताना पडदा हलतो आणि एखादा बुडबुडा येऊन जातो, ते ठीक आहे. पण बुडबुडा फुगतच राहिला, फुटल्यावर दुसरा आला, तर आतला पडदा फाटलेला आहे. हा रेग्युलेटर दुरुस्त होत नाही, उघडायचाही नाही, एजन्सीत नेऊन बदलून घ्यायचा. तपासून झालं की भोक लगेच कोरडं पुसा, साबण वाळून ते बुजायला नको.

एक उदाहरण: सेकंदाला एक बुडबुडा

समजा, सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटर ‘ऑफ’ असताना फटीत काही दिसलं नाही, पण ‘ऑन’ करताच तिथे साधारण एक सेंटिमीटर रुंदीचा बुडबुडा दर सेकंदाला येऊन फुटतोय. ही गळती छोटी म्हणायची की मोठी?

एक सेंटिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात अर्धा मिलिलिटर गॅस मावतो. सेकंदाला एक म्हणजे तासाला जवळजवळ १.९ लिटर, दिवसाला ४५ लिटर. वजनात हे साधारण १०० ग्रॅम भरतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून दिवसाला १०० ग्रॅम गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिन्ही पट्ट्या पेटवल्या की असा हीटर तासालाच ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो. म्हणून ‘गॅस लवकर संपत नाहीये, म्हणजे गळती नाही’ हा हिशेब चुकीचा.

आता दुसरी बाजू. हा गॅस हवेत दोन टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे १.८ टक्क्यांच्या आसपास मिसळला, की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ४५ लिटर गॅस त्या प्रमाणात पसरला तर २,५०० लिटर पेट घेणारी हवा तयार होते. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो जमिनीलगत साठतो. दहा फूट बाय दहा फूट खोलीची जमीन ९.३ चौरस मीटर. तिच्यावर २,५०० लिटर पसरले तर २७ सेंटिमीटर उंचीचा थर होतो, म्हणजे गुडघ्याखालपर्यंत. प्रत्यक्षात काही गॅस दाराखालून जातो, काही वर मिसळतो, थर इतका नीट बसत नाही. पण थंडीत खिडक्यांच्या फटी कापडाने बुजवलेल्या असतात, आणि हीटरची ठिणगी पाडणारी कळ जमिनीपासून फार उंच नसते.

दोष कुठे आहे हे बुडबुड्यानेच सांगितलं. ‘ऑफ’ असताना शांत, ‘ऑन’ केल्यावर गळती: म्हणजे पिन ठीक, ओ-रिंग किंवा रेग्युलेटरचं टोक खराब. खटका ‘ऑफ’ करा, बुडबुडे थांबल्याची खात्री करा, रेग्युलेटर काढा. तो खरचटलेला नसेल तर दोष ओ-रिंगचा. झाकण बसवून एजन्सीला कळवा. ओ-रिंग घरी काढून बाजारातली दुसरी बसवायची नाही, कारण माप किंवा रबर चुकलं तर तिथे सिलिंडरचा पूर्ण दाब असतो. शक्य असेल तर तोच रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहा. तिथेही गळला तर दोष रेग्युलेटरचा.

‘ऑफ’ असतानाही बुडबुडे येत असतील तर परिस्थिती वेगळी. रेग्युलेटर काढून झाकण लावा आणि झाकणाभोवती साबण लावून पाहा. झाकणाने गळती थांबली तर सिलिंडर उभाच ठेवून घराबाहेर मोकळ्यावर न्या, गटारापासून आणि तळघराच्या जिन्यापासून लांब, कारण जड गॅस तिथे उतरतो. झाकणानेही थांबली नाही, किंवा मुळात खोलीत घमघमाट असेल, तर तपासणी तिथेच सोडा. विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच फोन लावा. गॅसगळतीसाठीचा तातडीचा क्रमांक १९०६ आहे.

कमी दाबाच्या जोडांवरची गळती तुलनेने सोपी. नळीच्या टोकाशी बुडबुडे असतील तर रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा, नळी उतरवा, टोक पाहा. नळी नवी असेल आणि फक्त पुरती चढलेली नसेल, तर टोक कोमट पाण्यात बुडवून नोझलच्या मुळापर्यंत ढकला. तेल किंवा ग्रीस लावून चढवू नका, आज सहज चढते आणि उद्या तितक्याच सहज सरकते. मग पुन्हा पहिल्यापासून साबण. दुरुस्तीनंतर चाचणी न करणं हीच नेहमी होणारी चूक आहे.

साबण जिथे गप्प राहतो

बोचऱ्या थंडीत केलेली चाचणी फसवी असू शकते. सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं, आणि ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळायचंच थांबतं. बर्फ पडत असताना उघड्यावर ठेवलेल्या सिलिंडरमध्ये दाब इतका उतरतो, की ओ-रिंगमधली गळती दिसतच नाही. तो घरात आणल्यावर दाब चढतो आणि गळती सुरू होते. म्हणून सिलिंडर ज्या खोलीत वापरायचा तिथे काही तास राहू द्यावा आणि मगच तपासावा. घाई म्हणून त्याच्यावर गरम पाणी ओतू नये किंवा दुसऱ्या हीटरसमोर ठेवू नये.

हीटरच्या खटक्यापुढचा भाग, म्हणजे पायलटकडे, पट्ट्या पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीकडे, आणि पट्ट्यांकडे जाणाऱ्या नळ्या, वर सांगितलेल्या पद्धतीत तपासल्याच जात नाहीत. तिथे दाब येतो तो हीटर पेटलेला असतानाच, आणि तापलेल्या पट्ट्यांशेजारी ओला ब्रश घेऊन बसणं बरोबर नाही. चिनीमातीच्या तापल्या पट्टीवर पाणी पडलं तर ती तडकते. नळी आणि रेग्युलेटर स्वच्छ निघाले, तरीही हीटर चालू असताना मागून गॅसचा वास येत असेल, तर हीटर बंद करून तो मेकॅनिककडेच द्यावा. वासावर एकट्यावर भिस्त मात्र ठेवू नये. गॅसमध्ये मिसळलेल्या वासाच्या रसायनाची नाकाला काही मिनिटांत सवय होते, आणि सर्दी झालेल्या माणसाला तो वास नीट येतच नाही.

रेग्युलेटर दाब जास्त सोडतोय की कमी, हेही साबणाला कळत नाही. ते ज्वाळेवरून ओळखावं लागतं. पट्टीबाहेर लवलवणारी लांब पिवळी ज्वाळा किंवा सूं असा मोठा आवाज दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. पायलट नेहमीपेक्षा बारीक आणि सारखा विझणारा असेल तर दाब कमी पडत असेल. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, चोंदल्यानेही असंच होतं, पण निवाडा मेकॅनिकने दाबमापक लावून करायचा, रेग्युलेटरशी खेळून नाही.

तपासणी झाली, की सगळे जोड साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून मग कोरडे करा. साबणाचा थर राहिला तर क्लिप गंजते आणि पुढच्या वेळी वाळलेल्या पांढऱ्या डागांत खरी खूण शोधावी लागते. थंडी संपल्यावर रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर झाकण लावा आणि सिलिंडर हवेशीर जागी उभा ठेवा. नळी हीटरवरून उतरवून सैल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, टोकांवर छोटी प्लॅस्टिकची पिशवी बांधा म्हणजे किडे शिरत नाहीत, आणि नळी घेतल्याचा महिना-वर्ष मार्करने हीटरच्या मागच्या पत्र्यावर लिहून ठेवा.